‘डबल म्युटंट’ची बातमी: जनुकीय बदलाची बातमी पायरीपायरीने कशी तपासावी

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक प्रसिद्धीपत्रक काढलं. महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये E484Q आणि L452R हे बदल असलेल्या करोना विषाणूचं प्रमाण डिसेंबर २०२० च्या तुलनेत वाढलंय आणि सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत ते आढळलेत, असं त्यात होतं. पत्रकातच ‘डबल म्युटंट’ हा शब्द आला होता. पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं.

त्याच पत्रकात आणखी एक वाक्य होतं. काही राज्यांत रुग्ण झपाट्याने वाढतायत, त्याचा या प्रकारांशी थेट संबंध जोडता येईल किंवा त्यावरून वाढीचं स्पष्टीकरण देता येईल इतक्या संख्येने ते सापडलेले नाहीत, असं ते वाक्य सांगत होतं. मथळ्यांत ते कुठेच आलं नाही. पुढे झालं भलतंच. काळजी खरी ठरली, पण ज्या दोन बदलांवरून नाव पडलं त्यांतला एक, जगभर पसरलेल्या विषाणूत नव्हताच. म्हणून म्युटेशनची बातमी कशी उकलायची हे शिकायला ही बातमी चांगली. वही-पेन जवळ असू द्या, थोडा भागाकार करायचा आहे.

पहिली पायरी: कोड फोडा

बातमीत E484Q असं काही दिसलं की त्याचे तीन तुकडे करायचे. मधला आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली जागा. पहिलं अक्षर म्हणजे त्या जागी आधी असलेलं अमिनो आम्ल आणि शेवटचं अक्षर म्हणजे आता आलेलं. E म्हणजे ग्लुटामिक आम्ल, Q म्हणजे ग्लुटामीन. L452R मध्ये ४५२ व्या जागी ल्युसीन होतं, तिथे आर्जिनीन आलं. दोन्ही बदल विषाणूच्या स्पाइक प्रथिनातले आहेत. त्याची साखळी १,२७३ अमिनो आम्लांची असते. साधारण ३१९ ते ५४१ हा तिचा पट्टा आपल्या पेशींना चिकटतो. आपले दोन्ही बदल त्याच पट्ट्यात पडतात, आणि शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे गेलं त्याचं एक कारण हेच.

जागा आणि अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र पक्कं धरून ठेवा. दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधल्या प्रकारांत याच ४८४ व्या जागी E484K हा बदल होता आणि तो अँटीबॉडींना चकवतो हे तोवर माहीत होतं. जागा तीच, म्हणून बऱ्याच बातम्यांनी E484Q लाही तेच गुण चिकटवले. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, K म्हणजे लायसीनवर धन, आणि Q वर कुठलाच नाही. ऋणाचा धन होणं आणि ऋणाचा शून्य होणं यांत फरक आहे. बातमी एका अक्षराचा पुरावा दुसऱ्या अक्षरासाठी वापरत असेल तर तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

दुसरी पायरी: मूळ अक्षरापर्यंत खाली उतरा

E484Q हा झाला परिणाम. खरा बदल एक मजला खाली, विषाणूच्या आरएनएमध्ये घडतो. आरएनए हा A, C, G, U या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, आणि विषाणूचा असा सगळा मजकूर म्हणजे त्याचा जीनोम. इथून पुढे अक्षर म्हणजे या चारांपैकी एक. वुहानमधून जाहीर झालेला पहिला संदर्भ जीनोम २९,९०३ अक्षरांचा आहे आणि जगभरचे बदल त्याच्याशीच ताडून लिहितात. आरएनएमध्ये T च्या जागी U असतो, पण माहितीसाठ्यांत T च लिहिण्याची पद्धत आहे. आपणही तीच पाळू.

स्पाइकचं जनुक २१,५६३ व्या अक्षरापासून सुरू होतं. तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन, आणि एका कोडॉनवरून एक अमिनो आम्ल. हे एवढं हाताशी असलं की कुठलाही कोड आपल्यालाच तपासता येतो. २०२० च्या सुरुवातीला गाजलेला D614G घेऊ. अक्षरांच्या पातळीवर तो A23403G असा लिहितात: २३,४०३ व्या जागी A होता, G झाला.

```
23403 - 21563 = 1840
1840 ÷ 3 = 613, बाकी 1
613 + 1 = 614 वा कोडॉन
बाकी 0: पहिलं अक्षर, 1: दुसरं, 2: तिसरं
GAT (D) → GGT (G)
```

भागाकारात एक मिळवला की कोडॉनचा क्रमांक येतो आणि बाकीवरून कोडॉनमधलं कितवं अक्षर बदललं ते कळतं. E484Q म्हणजे G23012C. वजाबाकी १,४४९, तिनाने भागून ४८३, बाकी शून्य. म्हणजे ४८४ व्या कोडॉनचं पहिलं अक्षर. GAA चा CAA झाला. L452R म्हणजे T22917G. तो तुम्ही करून बघा, ४५२ वा कोडॉन आणि मधलं अक्षर यायला हवं.

आता एक निराळा बदल बघू: C3037T. हा स्पाइकमध्ये नाही, २६६ व्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या लांबलचक जनुकात आहे. ३,०३७ वजा २६६ म्हणजे २,७७१. तिनाने भागलं की ९२३, बाकी २. म्हणजे ९२४ व्या कोडॉनचं तिसरं अक्षर. TTC चा TTT झाला. कोडॉनच्या तक्त्यात हे दोन्ही बघा: दोन्ही ठिकाणी फेनिलअलानीनच लिहिलेलं आहे. आरएनएचं अक्षर बदललं, प्रथिन जसंच्या तसं राहिलं. अशा बदलाला मूक बदल म्हणतात. बातमीत तो कधीच येत नाही, कारण त्याला E484Q सारखं रुबाबदार नाव मिळत नाही.

तिसरी पायरी: एवढे बदल कुठे जिरतात ते बघा

चार अक्षरांचे तीन-तीनचे गट ६४ होतात. त्यांतले तीन ‘इथे थांबा’ सांगणारे, उरलेल्या ६१ कोडॉनमध्ये अमिनो आम्लं मात्र वीसच. त्यामुळे बहुतेक अमिनो आम्लांना एकाहून जास्त कोडॉन असतात आणि फरक बहुधा तिसऱ्या अक्षरात असतो.

प्रत्येक कोडॉनमध्ये एक अक्षर बदलायच्या नऊ रीती आहेत. म्हणजे ६१ कोडॉनचे ५४९ एकेरी बदल संभवतात. त्यांपैकी १३४ मूक असतात. २३ बदलांत मधेच थांबायचा कोडॉन तयार होतो आणि प्रथिन अर्धवट तुटतं. हे बहुधा वाईटच. राहिलेल्या ३९२ बदलांत एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं येतं. सगळे बदल सारख्याच शक्यतेचे धरले तर हा जवळपास चौथा हिस्सा केवळ तक्त्याच्या रचनेमुळे मुका होतो, विषाणूने काहीही न करता.

अमिनो आम्ल बदललं म्हणजे काम बदललंच असंही नाही. पाण्यापासून दूर राहणाऱ्या एका आम्लाच्या जागी तशाच स्वभावाचं, तेवढ्याच आकाराचं दुसरं आलं तर प्रथिनाची घडी मोडत नाही. प्रथिनाच्या बाहेरच्या बाजूला, कशालाच न चिकटणाऱ्या एखाद्या सैल वळणावर बदल झाला तर तोही बहुधा खपून जातो. उलट गाभ्यात, किंवा जिथे दुसरं प्रथिन येऊन बसतं तिथे, एकच बदल सगळं बिघडवू शकतो. म्हणून बातमी वाचताना ‘किती बदल’ यापेक्षा ‘कुठे बदल’ हा प्रश्न आधी विचारायचा.

मूक म्हणजे निर्धोकच, असा नियमही करू नका. प्रोजेरिया या आजारात लहान मूल झपाट्याने म्हाताऱ्यासारखं दिसू लागतं. त्याच्या बहुतेक रुग्णांत LMNA या जनुकात ६०८ व्या कोडॉनचा GGC हा GGT झालेला असतो. दोन्हीचा अर्थ ग्लायसीन. तरीही या एका अक्षरामुळे पेशी जनुकाचा संदेश भलत्याच ठिकाणी कापते आणि ५० अमिनो आम्लं गळालेलं प्रथिन बनतं. २००३ मध्ये हे उलगडलं. अशी उदाहरणं थोडी असली तरी खरी आहेत, त्यामुळे तक्ता बघून ‘मूक आहे, सोडा’ असा निकाल शेवटचा मानायचा नसतो.

चौथी पायरी: ‘बहुतेक बदल तटस्थ’ म्हणजे कोणाचे, हे विचारा

‘बहुतेक म्युटेशन ना हानिकारक ना उपयोगी’ हे वाक्य लेखांत सर्रास येतं आणि ते अर्धवट असतं. कोणत्या जिवाबद्दल बोलतोय आणि नुकत्याच घडलेल्या बदलांबद्दल की टिकून राहिलेल्या, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माणसाचा जीनोम सुमारे ३२० कोटी अक्षरांचा, आणि त्यातला प्रथिनं बनवण्याचा मजकूर जेमतेम दीड टक्का. आईवडिलांत नसलेले असे साधारण ६० ते ७० नवे एकेरी बदल प्रत्येक बाळात असतात. सत्तरचा दीड टक्का काढला तर एक येतो. म्हणजे सरासरी एखादाच नवा बदल प्रथिनाच्या मजकुरात पडतो, आणि त्यातलाही काही हिस्सा मूक. बाकीच्या भागात नियंत्रणाच्या काही मोक्याच्या जागा आहेत, पण बहुतांश ठिकाणी अक्षर बदललं तरी कोणाला पत्ता लागत नाही. माणसाबद्दल ते वाक्य म्हणूनच रास्त आहे.

विषाणूचं तसं नाही. त्याचा जीनोम आटोपशीर असतो, जवळजवळ प्रत्येक अक्षर कामाचं. गुराढोरांना होणाऱ्या व्हीएसव्ही या आरएनए विषाणूवर स्पेनमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग जाहीर केला. त्यांनी जीनोममध्ये ठिकठिकाणी यादृच्छिक एकेक अक्षर मुद्दाम बदललं आणि विषाणू जगतो का ते पाहिलं. सुमारे ४० टक्के बदल प्राणघातक निघाले. उरलेल्यांतही बरेच नुकसान करणारे होते. फायद्याचे अगदी थोडे.

मग रुग्णांच्या नमुन्यांत दिसणारे बहुतेक बदल तटस्थ कसे? कारण मधे चाळणी लागते. ज्या विषाणूच्या स्पाइकची घडी नीट पडत नाही तो पुढच्या माणसापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे नाकातल्या नमुन्यात तो सापडत नाही. प्रयोगशाळेत वाचला जातो तो चाळणीतून उतरलेला माल. अत्यंत वाईट बदल तिथेच गाळले गेलेले असतात, अत्यंत उपयोगी मुळातच दुर्मीळ. मधला ढीग उरतो. ‘विषाणू बदलला तरी फारसं बिघडलं नाही’ याचं कारण विषाणू मजबूत आहे असं नाही, बिघडलेले आपल्याला दिसत नाहीत हे आहे.

हा मधला ढीग किती मोठा असतो याचा विचार जपानच्या मिशिमा इथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये मांडला. त्यांचा एक निष्कर्ष बातमी वाचताना फार कामाला येतो. समजा एक लाख विषाणूंचा समूह आहे. कोणत्याही एका नव्या तटस्थ बदलाला सगळ्या समूहात पसरायची संधी लाखात एक. पण समूह लाखाचा असल्यामुळे असे बदलही लाखपट जास्त घडतात. गुणाकारात लाख आणि लाख उडून जातात. उरतो तो फक्त बदल घडण्याचा मूळ वेग. म्हणजे तटस्थ बदल घड्याळासारखे ठरलेल्या गतीने साठत राहतात, कोणाचा फायदा असो वा नसो. पुढे त्याच संस्थेतल्या तोमोको ओहता यांनी १९७३ मध्ये यात भर घातली: किंचित हानिकारक बदलही समूह लहान असेल तर नशिबाने पसरू शकतात. करोनाच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवं, कारण एका माणसाकडून दुसऱ्याकडे संसर्ग जाताना अगदी मोजके विषाणूकण पार होतात. त्या मोजक्यांत कोण असेल यात दैवाचा भाग मोठा.

हे घड्याळ लावून ‘डबल’ शब्द तपासा. करोना विषाणूच्या एका वंशात त्या काळात महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत होती. साथ सुरू होऊन मार्च २०२१ पर्यंत पंधराएक महिने झाले होते. म्हणजे त्या वेळी कुठल्याही रुग्णाच्या नमुन्यात, अगदी साध्या तापाच्या, वुहानच्या मूळ विषाणूपेक्षा वीस-तीस अक्षरं वेगळी असणं अपेक्षितच होतं. ‘डबल म्युटंट’ म्हणून गाजलेल्या महाराष्ट्रातल्या B.1.617 या प्रकारातही दोनाहून कितीतरी जास्त बदल होते. ‘डबल’ ही मोजणी निसर्गाची नव्हती. ओळखीच्या जागी पडलेले दोन बदल निवडून केलेली होती. निवड चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याला वाटलं की आधीच्या विषाणूंत एक बदल होता आणि आता दोन झाले.

पाचवी पायरी: ‘प्रमाण वाढलं’ याची तीन कारणं शोधा

बातमीतला सर्वांत मोहात पाडणारा आकडा हा: अमुक बदलाचं प्रमाण इतक्या टक्क्यांवरून इतक्या टक्क्यांवर. तो वाढला म्हणजे त्यात काहीतरी ताकद आहे, असं मन आपोआप म्हणतं. इथे थांबायचं.

D614G आणि C3037T कडे परत येऊ. हे दोन बदल, शिवाय आणखी दोन, २०२० च्या सुरुवातीला एकाच वंशात एकत्र होते. काही महिन्यांत तो वंश जगभर पसरला. आलेखावर A23403G ची रेघ शून्याजवळून जवळपास शंभर टक्क्यांवर गेली, आणि C3037T ची रेघ तिच्यावर बेमालूम बसली. आलेख पाहून कोणाने काम केलं ते सांगताच येत नाही. प्रयोगांत D614G मुळे स्पाइक जास्त उघडं राहतं आणि पेशींमध्ये शिरणं सोपं होतं असं दिसलं. C3037T ने प्रथिनात काहीच बदललेलं नाही. तो एसटीत बसलेल्या प्रवाशासारखा: गाडी मुक्कामाला पोचली म्हणजे गाडी त्याने चालवली असं होत नाही. विषाणूत अक्षरं एकाच धाग्यावर असल्यामुळे एक जिंकला की त्याच्याबरोबरचे सगळे जिंकतात.

दुसरं कारण योगायोग. २०२० च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये स्पाइकवर A222V हा बदल असलेला एक वंश दिसला आणि शरद ऋतूपर्यंत पश्चिम युरोपातल्या अनेक देशांत त्याचं प्रमाण भराभर वाढलं. तेव्हाही चिंतेचे मथळे आले. संशोधकांनी प्रवासाची माहिती शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा निघालं असं: टाळेबंदी उठल्यावर लोक सुट्टीला स्पेनला गेले, तिथे त्या वेळी संसर्ग जास्त होता, आणि परतताना जो वंश तिथे होता तो घेऊन आले. विषाणू जास्त संसर्गजन्य असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. २२२ व्या जागेवरचा बदल सोबत फिरत होता, एवढंच.

तिसरं कारण छेदस्थानातलं. टक्के कशाचे? सगळ्या रुग्णांचे की जनुकीय क्रम वाचलेल्या नमुन्यांचे? हे नमुने कसे निवडले? एखाद्या जिल्ह्यात अचानक रुग्ण वाढले म्हणून तिथलेच नमुने जास्त पाठवले गेले, तर त्या जिल्ह्यातला वंश राज्याच्या टक्केवारीत फुगून दिसतो. पत्रकातले १५ ते २० टक्के हे नमुन्यांचे होते, महाराष्ट्रातल्या सर्व रुग्णांचे नव्हेत. बातम्यांत हा फरक एका रात्रीत पुसला गेला.

मग खरी ताकद ओळखायची कशी? दोन खुणा मी आधी बघतो. एक, तोच वंश वेगवेगळ्या ठिकाणी, वेगळ्या परिस्थितीत, तिथे आधीपासून असलेल्यांना मागे टाकतोय का. नशीब एका देशात साथ देतं, वीस देशांत देत नाही. दुसरी, तोच बदल एकमेकांशी संबंध नसलेल्या वंशांत स्वतंत्रपणे परत परत उगवतोय का. L452R बाबत ही दुसरी खूण होती: कॅलिफोर्नियातल्या एका वेगळ्याच वंशातही तो दिसला होता. वेगवेगळ्या घरांत एकच बदल टिकतोय म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडता येत नाही.

सहावी पायरी: पुरावा कोणत्या पातळीचा आहे ते लिहा

बातमीत ‘शास्त्रज्ञांच्या मते हा बदल जास्त घातक’ असं आलं की मते कशावरून बनली ते शोधायचं. संगणकावर प्रथिनाची रचना बसवून केलेला अंदाज ही सर्वांत खालची पायरी. त्यावर प्रयोगशाळेत दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर ते स्पाइक बसवून पेशींवर किंवा लस घेतलेल्यांच्या रक्तद्रवावर केलेली चाचणी. मग खरा विषाणू प्राण्यांत. आणि सर्वांत वर, प्रत्यक्ष माणसांत किती पसरतोय, किती लोक रुग्णालयात जातायत याची नोंद. वरची पायरी खालच्या पायरीला अनेकदा खोटं पाडते.

‘डबल’ शब्दात एक दडलेला दावा होता: एकाचा त्रास अधिक दुसऱ्याचा त्रास, म्हणजे दुप्पट. हा दावा तपासला गेला. केंब्रिजमधल्या रवींद्र गुप्ता यांच्या गटाने L452R आणि E484Q स्वतंत्रपणे आणि एकत्र बसवून पाहिलं. प्रत्येकामुळे लस घेतलेल्यांच्या अँटीबॉडींचा प्रभाव काही प्रमाणात घटला, पण दोन्ही एकत्र आले म्हणून परिणामांची बेरीज झाली नाही. जनुकीय बदलांची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी होतेच असं नसतं. शेजारी कोण आहे त्यावर अर्थ ठरतो.

आणि मग पुढे जे झालं ते. B.1.617 च्या तीन शाखा झाल्या. B.1.617.1 मध्ये E484Q राहिला. B.1.617.2 मध्ये तो नव्हता. तिच्यात L452R होता, T478K होता आणि P681R होता. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी पहिलीला कॅपा आणि दुसरीला डेल्टा ही नावं दिली. जगभर पसरली ती डेल्टा. म्हणजे मथळ्यातल्या दोघांपैकी एकाशिवायच विजेता पुढे गेला. P681R बद्दल मार्चमध्ये मथळे नव्हते. तो पेशीला चिकटणाऱ्या पट्ट्यात नाहीच. स्पाइक जिथे दोन भागांत कापलं जातं त्या जागेला लागून आहे. नंतरच्या प्रयोगांत त्याने पेशी एकमेकींना जोडून टाकण्याची विषाणूची क्षमता वाढवलेली दिसली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेवरच्या निबंधात L452R, T478K, E484Q, P681R असे चारही बदल शेजारी-शेजारी ठेवून तपासले होते. निबंधात चौघं होते, मथळ्यात दोघं.

डेल्टाच्या यशाचा एक धागा तर स्पाइकच्या बाहेर, R203M या बदलापर्यंत जातो. तो विषाणूचा आरएनए गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनात आहे. विषाणूसारखे पण निरुपद्रवी कण वापरून केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात या बदलामुळे पेशींत पोचणारा माल कितीतरी वाढला. बातमीने स्पाइकपलीकडे बघितलंच नव्हतं.

घरातल्या अहवालाला हीच पद्धत

आता विषाणू बाजूला ठेवू. स्तनाच्या कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल तर डॉक्टर जनुकीय तपासणी सांगतात, आणि कधी कधी अहवालात ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’ असं येतं. घरात रडारड सुरू होते. अशा तपासण्यांत बदलांचे पाच गट करतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. अनिश्चित म्हणजे ‘थोडासा रोगकारक’ नव्हे. पुरावा पुरेसा नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणत्याही माणसात संदर्भ जीनोमपेक्षा ४० ते ५० लाख जागा वेगळ्या असतात, त्यामुळे शोधायला गेलं की काहीतरी अनोळखी सापडणारच. अनिश्चित गटातल्या ज्या बदलांचं वर्गीकरण पुढे बदलतं, त्यांतले बहुतेक निरुपद्रवीच्या बाजूला जातात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. हा बदल निरोगी लोकांच्या मोठ्या माहितीसाठ्यात किती वेळा दिसतो? दुर्मीळ आणि गंभीर आजाराचं कारण मानलेला बदल धडधाकट लोकांत सर्रास दिसत असेल तर तो बहुधा कारण नव्हे. इथे एक खाचखळगा आहे: या साठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांची भरती जास्त, त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या समाजात सामान्य असलेला बदल तिथे उगाच दुर्मीळ दिसू शकतो. दुसरं, घरातल्या आजारी माणसांत तो आहे आणि निरोगी म्हाताऱ्यांत नाही, असं आहे का? तिसरं, वर्षा-दोन वर्षांनी हाच अहवाल पुन्हा तपासून मिळेल का? अनिश्चित बदलाच्या एकट्या आधारावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, असंच तज्ज्ञ सांगतात. घराण्याचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे मोजायचा असतो, तो अहवालाने पुसला जात नाही.

हाताने करून बघायचं असेल तर

nextstrain.org/ncov उघडा. तिथे विषाणूचा वंशवृक्ष दिसतो आणि तो मोफत आहे. डाव्या बाजूला Color By मध्ये Genotype निवडा, जनुक S घ्या आणि जागा 452 लिहा. झाडाच्या फांद्या त्या जागच्या अमिनो आम्लानुसार रंगतात. एकच रंग दूरदूरच्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या फांद्यांवर दिसला तर तो बदल परत परत उगवलाय. मग 222 लिहून बघा, आणि शेवटी 484. साथीच्या सगळ्या काळाचा वृक्ष निवडला असेल तर पुढच्या मोठ्या फांद्यांवर ४८४ ला तिसरीच अक्षरं भेटतात: ओमिक्रॉनच्या पहिल्या शाखांत A, नंतरच्या JN.1 मध्ये K. मार्च २०२१ च्या मथळ्यातला Q बारीक नजरेने शोधावा लागतो.